तुळस, गवती चहा आणि अंबाडी : स्वाद राखून वाळवण्याची पद्धत

मराठी घरांत वाळवण म्हटले की चैत्र-वैशाखातील गच्चीवरचे कडक ऊन गृहीत धरले जाते; परंतु पापड, कुरडया किंवा सांडगे यांना उपयोगी पडणारे हे ऊन सुगंधी पानांना घातक ठरते. पापडातून फक्त पाणी घालवायचे असते आणि मागे उरणारे पीठ, मीठ किंवा डाळ उन्हाने उडून जात नाही. तुळशीच्या पानातून मात्र पाणी घालवायचे असते आणि तेल राखायचे असते, आणि हे तेल पाण्याप्रमाणेच हवेत विरून जाणारे असते. म्हणून सुगंधी वनस्पती वाळवण्याची सारी पद्धत एका प्रश्नावर उभी आहे : पाणी जाईल आणि स्वाद जाणार नाही, अशी परिस्थिती कशी निर्माण करावी?

या लेखात ज्या पेयासाठी वाळवण करायची आहे, त्याला आयुर्वेदाच्या परिभाषेत फांट म्हणतात. वनस्पती उकळत न ठेवता तिच्यावर गरम पाणी ओतून, झाकून, काही वेळाने गाळून घेतलेला अर्क म्हणजे फांट होय, तर वनस्पती पाण्यात उकळून आटवली की काढा किंवा क्वाथ तयार होतो. काढ्यात दीर्घ उकळीमुळे पानाचा उरलासुरला अर्क उतरतो, फांटात मात्र पाच-सात मिनिटांत जे सुटेल तेवढेच कपात येते, त्यामुळे वाळवताना झालेली चूक काढ्यापेक्षा फांटात अधिक स्पष्टपणे जाणवते.

स्वाद कोठे साठलेला असतो

तुळस, गवती चहा आणि अंबाडी या तिन्ही वनस्पतींचा स्वाद वेगवेगळ्या जागी साठलेला असतो आणि वाळवण्याच्या पद्धतीतील बहुतेक फरक या एका गोष्टीतून निघतात.

तुळशीचे सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावर असते. पानावर डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या सूक्ष्म तैलग्रंथी असतात. प्रत्येक ग्रंथीच्या माथ्यावर एक पातळ आवरण असून त्याखाली तेलाचा थेंब साठलेला असतो. लवंगेसारखा तिखट वास देणारे युजेनॉल हे या तेलातील एक प्रमुख द्रव्य होय. पान नुसते बोटांनी चोळले तरी हे आवरण फुटते. तुळस खुडताना हाताला येणारा दरवळ सुखद असला, तरी हाताला लागलेले ते तेल कपात उतरणार नाही.

गवती चहाचे तेल पात्याच्या आत, ऊतींमधील तैलपेशींत असते. त्याला लिंबासारखा वास येतो तो सिट्रल या द्रव्यामुळे आणि तेलाचा बहुतांश भाग याच द्रव्याचा असतो. तेल आत असल्याने पाते हाताळले म्हणून फारसे नुकसान होत नाही. पण पाते चिरले की कापलेल्या कडेवरील पेशी उघड्या पडतात आणि तेथून तेल उडू लागते. शिवाय सिट्रल हवेतील प्राणवायू आणि प्रकाश यांमुळे हळूहळू बदलते व त्याचा ताजा लिंबाचा वास मंद होतो.

अंबाडीचे प्रकरण या दोहोंहून वेगळे आहे. तिचा स्वाद म्हणजे आंबटपणा आणि तिचे आकर्षण म्हणजे लाल रंग. आम्ले आणि अँथोसायनिन नावाची रंगद्रव्ये पेशीतील पाण्यात विरघळलेली असतात व ती हवेत उडत नाहीत. म्हणून अंबाडीला तुळशीपेक्षा अधिक उष्णता चालते. तिला धोका असतो तो दीर्घकाळ ओलसर राहण्याचा आणि प्रखर प्रकाशाचा, कारण रंगद्रव्ये प्रकाशाने, अतिउष्णतेने व लांबलेल्या ओलाव्याने विघटित होऊन लाल रंग तपकिरी होतो.

हवा कोरडी असणे म्हणजे काय

वाळण्याची क्रिया तापमानापेक्षा हवेच्या सापेक्ष आर्द्रतेवर अधिक अवलंबून असते. एखाद्या तापमानाची हवा जास्तीत जास्त जितकी वाफ धारण करू शकते, त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात प्रत्यक्षात आहे, हे प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता. पान हवेला पाणी देते तसेच हवेकडून घेतेही, आणि काही काळाने दोहोंमध्ये समतोल साधला की वाळणे थांबते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांहून अधिक असलेल्या हवेत पान कितीही दिवस पसरून ठेवले, तरी ते बुरशीपासून सुरक्षित अशा कोरडेपणापर्यंत पोहोचत नाही.

कोकणात आणि गोव्यात आषाढ-श्रावणात सावलीत ठेवलेली तुळस वाळण्याऐवजी काळी का पडते, याचे उत्तर येथे मिळते. अशा दिवसांत पंखा लावूनही उपाय होत नाही, कारण पंखा हवा हलवतो, ती कोरडी करत नाही. हवा थोडी तापवली तर मात्र चित्र बदलते. २८ अंश सेल्सिअस तापमानाची व ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा ४० अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातील वाफ तेवढीच राहते, पण वाफ धारण करण्याची क्षमता वाढल्यामुळे सापेक्ष आर्द्रता सुमारे ४४ टक्क्यांवर येते. म्हणजे पावसाळ्यातही ४० अंशांची वाहती हवा मिळाली की पाने नीट वाळू शकतात. तापमान नियंत्रित करता येणारे व पंखा असलेले विजेवरील वाळवणी यंत्र हेच काम करते. घरातील ओव्हनमध्ये मात्र किमान तापमान बहुधा ५० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते, म्हणून स्वतंत्र तापमापकाने खात्री केल्याशिवाय तुळशीसाठी त्याचा वापर करू नये.

उलटपक्षी देशावर कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत दिवसा हवा पुरेशी कोरडी असते आणि तेव्हा हवेशीर, सावलीची खोली एवढेच साधन पुरते. मात्र संध्याकाळनंतर हवेचा ओलावा वाढतो व दिवसभर वाळलेले पान रात्री पुन्हा पाणी शोषते, म्हणून उघड्या गच्चीवर किंवा ओसरीत पसरलेली पाने सूर्यास्तापूर्वी घरात घ्यावीत.

तुळस

तुळशीची खुडणी मंजिरी, म्हणजे फुलोऱ्याचे तुरे, नुकत्याच दिसू लागताच करावी. मंजिरी पिकून बी धरू लागली की नवी कोवळी पालवी कमी होते, जुनी पाने पिवळी पडून गळतात आणि पानांचा दर्जा घसरतो. म्हणून वाळवणीसाठी राखलेल्या झाडांचे शेंडे नियमित खुडत राहावेत. ज्या वृंदावनातील तुळशीवर हळद-कुंकू वाहिले जाते व ज्याच्यापाशी दिवा लागतो, त्या झाडाऐवजी परसात किंवा कुंडीत वेगळी लावलेली आणि कीटकनाशक न फवारलेली झाडे यासाठी निवडावीत.

धूळ काढण्याचे काम खुडणीनंतर न करता आदल्या दिवशी झाडावरच पाण्याचा हलका फवारा मारून करावे. त्यामुळे खुडलेली पाने धुण्याची, पुसण्याची आणि त्या ओघात तैलग्रंथी फोडण्याची वेळ येत नाही. खुडणी दव उडून गेल्यावर, पण ऊन तापण्यापूर्वी करावी. सुटी पाने न तोडता १५ ते २० सेंटिमीटर लांबीच्या डहाळ्या धारदार कात्रीने कापाव्यात, कारण देठापासून ओरबाडलेल्या पानाला जखम होते आणि जखमेच्या जागी पान काळे पडते. चिरलेले वांगे ज्या कारणाने काळवंडते तेच कारण येथेही असते : पेशी फुटल्या की त्यांतील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, हवेच्या साहाय्याने पानातील द्रव्यांचे काळपट संयुगांत रूपांतर करतात.

सावलीत वाळवायचे असल्यास आठ-दहा डहाळ्यांची सैल जुडी बांधून ती उलटी टांगावी किंवा डहाळ्या जाळीवर एकेरी थरात पसराव्यात. मोठी जुडी बांधल्यास तिच्या मध्यभागी हवा पोहोचत नाही आणि बाहेरची पाने वाळलेली असताना आतली कुजू लागतात. वाळवणी यंत्रात तापमान ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान ठेवावे. सुगंधी तेलातील प्रमुख द्रव्यांचे उकळणबिंदू २०० अंशांहून अधिक असतात, त्यामुळे ४० आणि ६० अंशांत फारसा फरक पडणार नाही असे वाटू शकते. प्रत्यक्षात तेल उडण्यासाठी उकळावे लागत नाही, पाणीही उकळल्यावाचूनच वाळत असते, आणि प्रत्येक वाढत्या अंशाबरोबर तेल उडण्याचा वेगही वाढत जातो. सावलीत कोरड्या हवेत साधारणतः चार ते सात दिवस लागतात, तर यंत्रात बहुधा एका दिवसाच्या आत काम होते.

पाने पुरती वाळल्यावर ती डहाळीवरून अलगद खाली सोडवावीत व अखंडच ठेवावीत. चुरा करून ठेवलेल्या तुळशीच्या बहुतेक ग्रंथी फुटलेल्या असतात आणि तिचा वास कपाऐवजी डब्याच्या हवेत जातो. चुरा करायचा तो गरम पाणी ओतण्याच्या क्षणी, आणि तोही कपातच.

गवती चहा

गवती चहाची पाती जमिनीपासून सुमारे १० ते १५ सेंटिमीटर उंची सोडून कापावीत, म्हणजे बुंध्यातून नवा फुटवा येतो. वाळलेली, तांबूस टोके आणि बाहेरची जुनी पाती काढून टाकावीत. पाती झटपट धुऊन कापडाने टिपली तरी चालतात, कारण तेल आत असल्यामुळे धुण्याने ते जात नाही. मात्र हे काम पाती अखंड असतानाच करावे.

येथे एक अडचण उभी राहते. पात्यावर मेणचट आवरण असल्याने अखंड लांब पाते फार हळू वाळते आणि चिरलेले लवकर वाळते. पण चिरले की तेलाला बाहेर पडण्याची वाट मिळते. यावर तडजोड म्हणून पाती कापल्यानंतर प्रथम अखंडच एक दिवस सावलीत पसरून कोमेजू द्यावीत. कोमेजलेल्या पात्यातील बरेच पाणी गेलेले असते, पाते मऊ होते आणि कापताना त्यातून रस फुटत नाही. त्यानंतर धारदार कात्रीने दोन ते तीन सेंटिमीटर लांबीचे तुकडे करावेत. बोथट विळीने पाते कापण्याऐवजी चेचले जाते व कडा काळ्या पडतात. तुकडे एक सेंटिमीटरहून लहान केल्यास कापलेल्या कडांची संख्या वाढते व त्या प्रमाणात तेलाची हानी होते.

तुकडे ४० ते ४५ अंशांवर वाळवावेत आणि सावलीत वाळवायचे असल्यास दिवसातून दोनदा परतावेत. उन्हात वाळवलेला गवती चहा पिवळसर होतो आणि त्याला लिंबाऐवजी कडब्याचा वास येऊ लागतो, कारण प्रकाशाने हरितद्रव्य आणि सिट्रल या दोहोंचीही हानी होते. पाते वाळले किंवा नाही हे टोकाकडच्या पातळ तुकड्यावरून ठरवू नये. बुंध्याकडील तुकड्यांची मधली शीर जाड असते आणि सर्वांत शेवटी वाळते. ती वाकवल्यावर न लवता कट आवाज करून मोडली पाहिजे.

जास्वंद आणि अंबाडी

बागेतील जास्वंद आणि शेतातील अंबाडी या एकाच प्रजातीतील दोन वेगळ्या वनस्पती असून पेयाच्या दृष्टीने त्यांतील भेद ध्यानी घेणे आवश्यक आहे. जास्वंदीच्या पानांत बुळबुळीत द्रव्य असते, त्यामुळे त्यांचा फांट घट्टसर होतो, सुगंधी होत नाही. तिच्या लाल पाकळ्या रंग देतात, पण चव जवळजवळ देत नाहीत. ज्या आंबट, गडद लाल पेयाला जास्वंदीचा चहा म्हटले जाते आणि जे इजिप्त व सुदानमध्ये करकदे या नावाने प्यायले जाते, ते लाल अंबाडीच्या बोंडांपासून होते. बोंड म्हणजे फूल गळून गेल्यावर बीकोशाभोवती राहिलेली मांसल लाल दले. वनस्पतिशास्त्रात त्यांना निदलपुंज म्हणतात.

फूल उमलून गेल्यानंतर साधारणतः दोन ते तीन आठवड्यांनी, दले टपोरी पण अजून कोवळी असताना, बोंडे खुडावीत. ती प्रथम अखंड धुवावीत आणि नंतरच बुंध्याशी गोल चीर देऊन आतील हिरवा बीकोश काढून टाकावा. हा क्रम उलटा केला तर कापलेल्या भागातून रंग आणि आंबटपणा धुण्याच्या पाण्यात निघून जातो. बीकोश आत ठेवून वाळवण्याचा प्रयत्न केल्यास तो ओलावा धरून ठेवतो व बुरशी आतून सुरू होते.

मोकळी केलेली दले एकेरी थरात पसरून ५० ते ५५ अंशांवर वाळवावीत. दलांत पाणी बरेच असल्याने आणि ती जाड असल्याने येथे संथपणा हानिकारक ठरतो. मात्र घाई करून तापमान ७० अंशांच्या वर नेल्यास रंगद्रव्ये तर बिघडतातच, शिवाय दलाचा पृष्ठभाग कडक होऊन आतले पाणी अडकते. असे दल बाहेरून कोरडे भासते आणि दोन दिवस डब्यात राहिल्यावर पुन्हा मऊ व चिकट होते. जास्वंदीच्या पाकळ्या रंगासाठी वाळवायच्या झाल्यास हिरवा देठाकडचा भाग आणि मधला परागदांडा काढून त्या तुळशीप्रमाणे सावलीत वाळवाव्यात.

वाळणे पूर्ण झाले हे वजनावरून कसे ओळखावे

स्पर्शाचा अंदाज सरावाने येतो, पण वजनाचा हिशेब पहिल्याच खेपेला उपयोगी पडतो. सुरक्षित साठवणीसाठी वाळलेल्या पानांत पाण्याचे प्रमाण सुमारे १० टक्के असावे. कोकणातील एखाद्या घरात श्रावणात यंत्रावर गवती चहा वाळवायचा आहे असे समजू. कोमेजवून कापलेल्या तुकड्यांपैकी ४०० ग्रॅम वाळवणीसाठी मोजून घ्यावेत आणि त्याच ढिगातील २० ग्रॅम नमुना म्हणून वेगळे काढावेत. हा नमुना ओव्हनमध्ये सुमारे १०० अंशांवर ठेवून, तासाच्या अंतराने केलेली दोन वजने सारखी येईपर्यंत पूर्ण कोरडा करावा. त्याचा वास जाईल, पण तो पिण्यासाठी नसतोच. यासाठी दशांश ग्रॅम दाखवणारा लहान काटा आवश्यक आहे.

नमुन्याचे वजन शेवटी ५ ग्रॅम भरले, तर त्यात चौथा हिस्सा कोरडे द्रव्य आहे असे ठरते. म्हणजे ४०० ग्रॅम तुकड्यांत १०० ग्रॅम कोरडे द्रव्य आहे आणि त्यात १० टक्के पाणी राहील तेव्हा एकूण वजन सुमारे १११ ग्रॅम असेल. आता तबकातील तुकड्यांचे वजन १५० ग्रॅम झाले, की ते हाताला कोरडे लागू लागतात. परंतु हिशेबाने त्यांत अजून ५० ग्रॅम पाणी, म्हणजे एक तृतीयांश वजन पाण्याचेच असते. १२५ ग्रॅमला ते २० टक्क्यांवर येते आणि बुरशीला एवढा ओलावा पुरतो. बहुतेक वाळवणी याच दोन टप्प्यांच्या दरम्यान चुकीने पूर्ण समजली जाते आणि पुढे डब्यात बिघडते. वजन १११ ग्रॅमच्या आसपास येताच मात्र यंत्र थांबवावे, कारण त्यानंतर जाणाऱ्या पाण्याचा काही लाभ नसतो आणि तेल मात्र जातच राहते.

वाळलेला माल पूर्ण थंड झाल्यावर काचेच्या बरणीत सैलसर भरावा आणि पहिला आठवडा रोज बरणी हलवून पाहावी. जाड शिरांतील उरलेला ओलावा या काळात सर्व तुकड्यांत समान पसरतो. तुकडे एकमेकांना चिकटू लागले किंवा काचेवर आतून दमटपणा दिसला, तर माल पुन्हा तबकात घ्यावा. कुबट वास किंवा पांढुरकी तंतुमय वाढ आढळल्यास सर्व माल टाकून द्यावा. बुरशी आलेली पाने पुन्हा वाळवल्याने खाण्यायोग्य होत नाहीत. बरणी बंद कपाटात ठेवावी. पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून सुगंधी द्रव्ये हळूहळू बाहेर झिरपत असल्याने त्या टाळाव्यात, आणि तिन्ही वनस्पती वेगवेगळ्या बरण्यांत ठेवून मिश्रण करायचे ते पेय बनवतानाच करावे.

ताज्या पानाशी तुलना

वाळवण कितपत साधली हे ठरवण्यासाठी ताज्या आणि वाळलेल्या पानांचे फांट शेजारी ठेवून चाखावेत. ताज्या तुळशीत पाचवा हिस्सा कोरडे द्रव्य धरल्यास १० ग्रॅम ताज्या पानांची बरोबरी सुमारे २.२ ग्रॅम वाळलेली पाने करतात. वर दिलेल्या उदाहरणातील गवती चहाच्या १० ग्रॅम कोमेजलेल्या तुकड्यांसाठी हे वजन २.८ ग्रॅम येते. प्रत्येकी २०० मिलिलिटर नुकतेच उकळलेले पाणी ओतून भांडी लगेच झाकावीत आणि सात मिनिटांनी गाळावे. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब कपातच पडू द्यावेत, कारण वाफेबरोबर वर गेलेला सुगंध त्यांत असतो. अंबाडीच्या फांटासाठी काच, चिनी माती किंवा स्टीलचे भांडे वापरावे; ॲल्युमिनियम व लोखंड तिच्या आम्लाने झिजते. अंबाडीने रक्तदाब काही प्रमाणात उतरू शकतो, त्यामुळे रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी ती नियमित घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ताज्या पानाचा हिरवट, कच्चा वास वाळलेल्या पानात नसणे हा दोष नव्हे. तो सर्वांत आधी उडून जातो आणि त्याला थांबवणारी पद्धत घरगुती वाळवणीत नाही. पण तुळशीच्या दोन कपांत लवंगेसारखा तिखटपणा कमी-अधिक लागला, तर उष्णता किंवा हाताळणी जास्त झाली असे समजावे. गवती चहाचा लिंबासारखा वास मंदावून कडब्याचा वास आला, तर प्रकाश अथवा दिरंगाई कारणीभूत असते. अंबाडीचा आंबटपणा मात्र दोन्ही कपांत सारखाच असला पाहिजे, कारण आम्ल उडून जात नाही. तो कमी लागला तर ते वाळवताना नव्हे, तर त्याआधी धुताना निघून गेलेले असते, आणि पुढच्या खेपेला सुधारणा तेथूनच सुरू करावी लागते.